फ्लॅट फारच पाडून मागितलाय, नाही कसं म्हणू? (पण पार्टी हातची जायला नको)

सायली_ठाणे (मंगळवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. आईचा पुण्यातला फ्लॅट विकायला काढलाय, सिंहगड रोड, वडगाव बुद्रुक. टू बीएचके, कार्पेट ६४० स्क्वेअर फूट, बिल्डिंग २००९ ची, तिसरा मजला, लिफ्ट आहे, कव्हर्ड पार्किंग आहे. बाबा गेल्यावर शेअर सर्टिफिकेट वगैरे सगळं आईच्या नावावर झालंय, लोन नाही. आई आता माझ्याकडे ठाण्याला असते त्यामुळे फ्लॅट दीड वर्ष बंदच आहे.

आम्ही ८५ सांगितले होते. तीन महिन्यांत अकरा जण बघून गेले, त्यातले नऊ परत फिरकले नाहीत. काल एका गृहस्थांचा मेसेज आला, जसाच्या तसा देते: "फ्लॅट आवडला. ६५ फायनल. ओके असेल तर आज ५१ हजार टोकन पाठवतो." पासष्ट!! आईने वाचलं आणि फोन माझ्या हातात देऊन आत निघून गेली, तिला तो बाबांचा अपमान वाटला. मला पण राग आलाय पण खरं सांगायचं तर हे एकटेच असे आहेत जे दोनदा येऊन बघून गेले, दुसऱ्यांदा बायकोला घेऊन आले, तिने ओट्याची उंची वगैरे बघितली. एजंट म्हणतो "मॅडम पार्टी जेन्युइन आहे, मधला काढू, ७५ ला बसवून देतो."

मी लिहिलेलं उत्तर असं आहे, अजून पाठवलं नाही: "नमस्कार, ६५ आम्हाला परवडत नाही, तरी बघू, विचार करून सांगते." हे बरं आहे का? नाही म्हणायचंय पण दार लावून घ्यायचं नाहीये.

घरशोधक (मंगळवार, रात्री ९:५८)

८५ चं ६५ म्हणजे छान सुरुवात केलीत. अजून ६० म्हणून बघा, बंद फ्लॅट आहे म्हणताय म्हणजे मालकाला गरज असणार. सोसायटीचं मेंटेनन्स थकलंय का विचारा, ते पण वजा करून घ्या.

सायली_ठाणे (मंगळवार, रात्री १०:०२)

@घरशोधक अहो मीच मालक आहे, विकणारी 😄

घरशोधक (मंगळवार, रात्री १०:०५)

ओह सॉरी. मग उलट करा.

रोखठोक (मंगळवार, रात्री १०:२०)

उत्तरच देऊ नका. असल्या लोकांना उत्तर दिलं की चढतात. गरज असेल तर तोच येईल ७५ घेऊन. नाहीतर सरळ लिहा, "८३, एक पैसा कमी नाही". आकड्याला आकडा.

कात्रजचा_घाट (मंगळवार, रात्री १०:४१)

रोखठोक, मी हेच केलं होतं म्हणून सांगतो. आमचा धनकवडीतला वन बीएचके, आम्ही ४८ म्हणत होतो, एकाने ३९ सांगितले. मी फोनवर म्हणालो "एवढ्यात पार्किंग पण येत नाही हो", हसून म्हणालो पण म्हणालो. त्याने बरं म्हणून फोन ठेवला आणि महिनाभरात आमच्याच सोसायटीतल्या बी विंगमध्ये ४४ ला घेतला. म्हणजे ४४ देण्याची तयारी होती त्याची. आमचा पुढे सात महिने पडून राहिला, महिन्याला अडीच हजार मेंटेनन्स, आणि शेवटी ४३ ला गेला. अजून तो माणूस लिफ्टमध्ये भेटला की नमस्कार करतो आणि माझा दिवस खराब होतो.

दिनूकाका (मंगळवार, रात्री ११:१०)

सायलीताई, काळजीच करू नका, रेडी रेकनरच्या खाली फ्लॅट विकताच येत नाही, रजिस्ट्रार दस्त घेतच नाही. त्यांना सरळ सांगा की सरकारी दरापेक्षा कमी आहे, कायद्याने जमणार नाही. विषय संपला, तुम्ही वाईट पण होत नाही.

मुळशीकर (बुधवार, सकाळी ७:१५)

होम लोन डिपार्टमेंटमध्ये बावीस वर्षं काढली, आता रिटायर आहे, त्यामुळे खरेदीदार आणि विकणारे दोघांचीही रडगाणी भरपूर ऐकलीयेत. थोडं सविस्तर लिहितो.

आधी दिनूकाकांचं. रेकनरच्या खाली विकता येतं, दस्त पण होतो. फक्त स्टॅम्प ड्युटी दोन्हींपैकी जी रक्कम जास्त तिच्यावर बसते, आणि फरक दहा टक्क्यांच्या वर गेला की इन्कम टॅक्सवाले विकणाऱ्याला सरकारी किमतीला विकलं असंच धरतात आणि घेणाऱ्यालाही त्या फरकावर टॅक्स लावतात. म्हणजे कारण म्हणून वापरायला चांगलं आहे, पण आकडा खरंच त्याच्या खाली असेल तर. सायली, तुम्ही रेकनरप्रमाणे किंमत किती येते ते काढलंय का? ६५ जर त्याच्या वर असेल आणि तुम्ही "सरकारी दरापेक्षा कमी" म्हणालात तर तो माणूस पाच मिनिटांत तपासेल आणि त्यानंतर तुमच्या कुठल्याच वाक्यावर विश्वास ठेवणार नाही.

आता तुमचा मेसेज. "परवडत नाही" आणि "बघू" हे दोन्ही शब्द काढा. परवडत नाही म्हटलं की समोरच्याला वाटतं तुमची अडचण आहे, घरात पैशाची गरज आहे. आणि "बघू, विचार करून सांगते" याचा अर्थ आपल्याकडे काहीही होतो, लग्नाच्या स्थळाला नाही म्हणताना पण आपण हेच म्हणतो. तो एकतर ६५ वर तुम्ही विचार करताय असं समजेल म्हणजे पुढची बोली ६६ ची, किंवा नाही समजून दुसरीकडे जाईल. नकार त्या आकड्याला द्यायचा आणि स्वच्छ द्यायचा, "६५ ला जमणार नाही". माणसाला नकार द्यायचा नाही, त्याला पुढच्या बोलण्याचं काहीतरी काम द्यायचं.

ते काम म्हणजे प्रश्न. तुम्ही ६५ पर्यंत कसे आलात? हे टोमणा म्हणून नाही, खरंच माहिती हवी म्हणून विचारा. पाडून मागणारे तीन प्रकारचे असतात. एक, नुसता खडा टाकून बघणारा, त्याच्याकडे उत्तर नसतं, तो "मार्केट डाऊन आहे" म्हणतो. दुसरा, ज्याने खर्च वजा करून आकडा काढलाय, रंग, वॉटरप्रूफिंग, किचन. आणि तिसरा ज्याच्या हातात पैसेच तेवढे आहेत. तिघांशी बोलणं वेगवेगळं असतं. ओट्याची उंची बघणारी बायको पहिल्या प्रकारातली नसते, हे माझं मत.

आणि टोकन आत्ता घेऊ नका. ५१ हजार खात्यात आले आणि वर "६५ फायनल" असा मेसेज पडलेला असला की उगाच भांडणाला जागा होते.

सायली_ठाणे (बुधवार, सकाळी ९:३०)

मुळशीकर, खूप धन्यवाद. रेकनरचं काढलं, माझ्या हिशोबाने साधारण ६२ येतंय. म्हणजे ६५ वरच आहे 😐 बरं झालं लिहिलं नाही. आणि ८५ आम्ही प्रॉपर्टी साईटवर बघून ठरवले, आमच्याच रोडवर ८२ पासून ९० पर्यंत जाहिराती आहेत.

मुळशीकर (बुधवार, सकाळी ९:५२)

हीच भीती होती. जाहिरातीतला आकडा हा मागण्याचा आकडा असतो, झालेल्या व्यवहाराचा नाही. अकरापैकी नऊ जण परत फिरकले नाहीत हे पण काहीतरी सांगतंय. ६५ कमी आहे पण ८५ ला तरी पाया कुठला, हे आधी बघा. आयजीआरच्या वेबसाईटवर ई-सर्च आहे, मोफत आहे. वर्ष, जिल्हा, गाव वडगाव बुद्रुक, आणि मिळकत क्रमांकात तुमच्या जुन्या दस्तातला सर्व्हे नंबर टाका. एका सर्व्हे नंबरवर पाच-सहा बिल्डिंगा असतात त्यामुळे यादी मोठी येईल, त्यातून तुमच्या सोसायटीचं नाव शोधा. इंडेक्स टू उघडलं की त्यात "मोबदला" आणि "बाजारभाव" असे दोन आकडे असतात. बाजारभाव म्हणजे रेकनरची किंमत, नावाने फसू नका. तुम्हाला हवा तो मोबदला. क्षेत्रफळ कार्पेट लिहिलंय का बिल्टअप ते बघा आणि पार्किंगचा उल्लेख आहे का ते पण. साईट संध्याकाळी फार रडते, सकाळी करा.

चिंगी (बुधवार, सकाळी ११:०५)

एक विचारू का, ते ६५ म्हणजे व्हाईटचे ६५ आणि वर रोख असं तर नसेल ना? आमच्याकडे एकाने असंच कमी सांगितलं होतं आणि मग भेटल्यावर कळलं की वरचे दहा तो कॅशमध्ये देणार होता आणि मेसेजमध्ये लिहायचं नव्हतं म्हणून कमी दिसत होतं.

मुळशीकर (बुधवार, सकाळी ११:४०)

चिंगी, चांगला मुद्दा, होतं असं. तसं निघालं तर तिथेही नकार, आणि तो बिनबोभाट, "आम्ही पूर्ण रक्कम बँकेतूनच घेणार" एवढंच. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढीच रक्कम दंड म्हणून बसू शकते, विसाराची असली तरी, आणि तो घेणाऱ्याला म्हणजे सायलीच्या आईंना.

रोखठोक (बुधवार, दुपारी १:१०)

एवढा अभ्यास कशाला? घासाघीस आहे ही, मंडईत जुडी घेतो तशी. त्याने ६५ म्हटलं, तुम्ही ८३ म्हणा, तो ७० म्हणेल, होईल ७६-७७ ला.

मुळशीकर (बुधवार, दुपारी १:४५)

रोखठोक तुमचं अगदी चूक नाही, शेवटी आकडा सांगावाच लागतो. पण आत्ता सांगितला की खेळ त्या दोन आकड्यांच्या मध्यात जातो. ६५ आणि ८५ चा मध्य ७५, एजंट म्हणतोय तेच. तुम्ही ८३ केलेत की मध्य ७४. म्हणजे त्याने काहीही न हलता तुम्ही एक लाख खाली आलात. ६५ हा आकडा गृहीत धरून पुढचं गणित मांडायचं नाही, तो आधी टेबलावरून उचलायला लावायचा. दुसऱ्याने स्वतःहून ६५ सोडले की मग तुमचा आकडा.

एजंटबद्दल पण एक. त्याची दलाली एक टक्का असेल तर ६५ आणि ८० मधल्या पंधरा लाखांत त्याचे किती जातात? पंधरा हजार. तुमचे पंधरा लाख. त्याला लवकर व्यवहार हवाय, त्यात वाईट काही नाही, पण "मधला काढू" हा सल्ला कुणाच्या सोयीचा ते लक्षात ठेवा.

सायली_ठाणे (गुरुवार, सकाळी ८:५०)

सापडले! सकाळी सहाला उठून केलं, कॅप्चा नऊ वेळा चुकला. आमच्याच बिल्डिंगमधले गेल्या दीड वर्षातले दोन व्यवहार मिळाले. एक ७६ लाख, पाचवा मजला, पार्किंगचा उल्लेख नाही. दुसरा साडेएकोणऐंशी, दुसरा मजला, कव्हर्ड पार्किंगसकट. दोन्ही आमच्याच साईझचे. आईला दाखवलं तर ती म्हणाली "म्हणजे त्यांनी आपल्याला ८५ सांगून विकला नाही वाटतं" आणि शेजारच्या काकूंनी तिला ८८ ला गेला असं सांगितलं होतं 🙄

म्हणजे आमचा आकडा साधारण ७८-८० च्या आसपास, असं धरू का? हे इंडेक्स टू त्यांना पाठवू का?

दिनूकाका (गुरुवार, सकाळी ९:२०)

पाठवा की, सरकारी कागद आहे. आणि हो, टीडीएस लक्षात ठेवा, नफ्यावर एक टक्का कापतात.

मुळशीकर (गुरुवार, सकाळी ९:५५)

काका, नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर एक टक्का, ५० लाख किंवा जास्त असेल तेव्हा, आणि तो घेणारा कापून भरतो. आईंना रिटर्न भरताना तो वळता करून मिळेल, घासाघिशीत त्याचा संबंध नाही.

इंडेक्स टू सार्वजनिक कागद आहे हे बरोबर, पण त्यावर शेजाऱ्यांची नावं असतात. मी असतो तर नुसते आकडे सांगितले असते आणि "साईटवर तुम्हालाही दिसेल" म्हटलं असतं. त्याने स्वतः शोधलं की त्याचा जास्त विश्वास बसतो. ७८-८० धरायला हरकत नाही, पण दीड वर्ष बंद आहे म्हणजे बाथरूमची ओल, रंग हे तो काढणार. हा आकडा तुमच्या मनात ठेवा, त्याला सांगू नका अजून.

चिंगी (गुरुवार, सकाळी १०:३०)

मेसेज का फोन? मला वाटतं फोन करावा, मेसेजमध्ये नकार कोरडा वाटतो.

कात्रजचा_घाट (गुरुवार, सकाळी १०:४४)

फोनवर मी काय बोललो ते वर लिहिलंय 😬 मेसेजच करा.

सायली_ठाणे (गुरुवार, दुपारी २:१५)

मी मेसेजच करते, फोनवर मला "बघू" म्हणायची सवय आहे. हा नवीन ड्राफ्ट:

"नमस्कार. तुम्ही दोघं दोनदा वेळ काढून आलात आणि फ्लॅट आवडला हे वाचून आईला आणि मला बरं वाटलं. ६५ ला मात्र आम्हाला देणं जमणार नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये याच साईझचे दोन फ्लॅट गेल्या दीड वर्षात ७६ आणि साडेएकोणऐंशीला रजिस्टर झालेत, ७६ वाल्याच्या दस्तात पार्किंग नाही, आपल्याकडे कव्हर्ड आहे. आयजीआरच्या साईटवर तुम्हालाही बघता येईल. तुम्ही ६५ पर्यंत कसे आलात ते कळलं तर बोलायला सोपं जाईल, काही दुरुस्ती धरली असेल तर तेही सांगा. टोकन आत्ता नको, किंमत ठरली की रीतसर विसार पावती करून घेऊ. शनिवार-रविवार मी पुण्यात आहे, परत बघायचा असेल तर जरूर या."

आईने "बरं वाटलं" खोडायला सांगितलंय कारण तिला बरं वाटलेलं नाही.

मुळशीकर (गुरुवार, दुपारी २:४०)

उत्तम आहे. आईंचं ऐका, "तुम्ही दोघं दोनदा वेळ काढून आलात, त्याबद्दल आभार" एवढं पुरे. अजून एक, ७६ आणि साडेएकोणऐंशी सांगताय म्हणजे तुम्ही नकळत ८५ सोडताय हे माहीत असू द्या. माझ्या मते सोडावंच, पण माहीत असून.

रोखठोक (गुरुवार, दुपारी ३:००)

बघा, म्हणजे आकडा दिलाच की.

मुळशीकर (गुरुवार, दुपारी ३:०८)

दिला, पण लोकांचा दिला, स्वतःचा नाही. फरक आहे. बरं, थोडा आहे, मान्य.

सायली_ठाणे (शुक्रवार, रात्री १०:३०)

अपडेट. काल पाठवला, दिवसभर दोन निळ्या टिका आणि शांतता. मी चार वेळा "दुसरं काही लिहू का" म्हणून फोन उचलला, नवऱ्याने काढून घेतला. आज संध्याकाळी त्यांचाच फोन आला. आवाज एकदम वेगळा, मेसेजमधला फायनलवाला माणूसच नाही. म्हणाले "मॅडम राग मानू नका, मी इंडेक्स बघितले, तुमचं खरं आहे. पण माझ्या हातात २३ आहेत, बाकी लोन. त्यात किचनच्या ट्रॉल्या आणि बाथरूम करायचं म्हणजे चार जातात." शेवटी विचारलं "तुमचं फायनल किती?" मी (खूप अभिमानाने) म्हटलं, फायनल समोर बसल्यावर. ते हसले. रविवारी येतो म्हणाले.

जाता जाता ७१ म्हणाले. मी "हं" म्हणाले. चालेल ना हं?

मुळशीकर (शनिवार, सकाळी ६:५०)

हं फार छान. ६५ फायनल होतं ते ७१ झालं, तुम्ही एक रुपया न सोडता.

आणि त्याने तुम्हाला सगळ्यात महत्त्वाचं सांगून टाकलंय. हा तिसऱ्या प्रकारातला आहे. त्याची अडचण किमतीपेक्षा हातातल्या पैशाची आहे. बँक या रकमेच्या लोनला किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते, आणि स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन त्यात धरत नाही, ते खिशातून. बघा, ६५ ला घेतला तर वीस टक्के म्हणजे १३ लाख, पुण्यात सात टक्के ड्युटी म्हणजे ४.५५, रजिस्ट्रेशन तीस हजार, दलाली ६५ हजार, झाले साडेअठरा. त्यात त्याचे दुरुस्तीचे चार, साडेबावीस. म्हणून ६५! हातात २३ आहेत त्यातून उलटा हिशोब केलाय बिचाऱ्याने, तुमच्या बाबांचा अपमान वगैरे काही नाही, आईंना सांगा.

आता ७८ ला बघू. वीस टक्के १५.६, सात टक्के ड्युटी ५.४६, रजिस्ट्रेशन आणि दलाली मिळून १.०८, झाले २२.१४. दुरुस्ती धरून २६ च्या वर. म्हणजे तेरा लाखांनी किंमत वाढली तरी त्याला रोजच्या भाषेत कमी पडतात ते तीन-साडेतीन लाख. बाकी बँक देते, त्याचा पगार तेवढ्या हप्त्याला पुरला तर. हा "तर" मोठा आहे, लोन किती मंजूर होतंय ते रविवारी विचारा.

हे तीन लाख किंमत न पाडता कसे कमी होतील ते बघा. फ्लॅट फक्त पत्नीच्या नावावर घेतला तर ड्युटी एक टक्का कमी, ७८ वर ७८ हजार वाचले. दोघांच्या नावावर केला तर ही सूट नाही. लोनला नवरा सहअर्जदार राहू शकतो, त्याच्या बँकेला विचारायला सांगा. दुसरं, ट्रॉल्या, कपाटं, गिझर जे तुम्ही तसंही ठाण्याला नेणार नाही ते सोडा. तिसरं, वेळ. तुम्हाला घाई नाही, विसार ते दस्त साठ दिवसांऐवजी नव्वद-शंभर दिवस दिलेत तर बऱ्याच लोकांच्या एफडी, पीएफ मोकळं होतं.

कात्रजचा_घाट (शनिवार, सकाळी ९:१०)

हे वाचून माझा ३९ वाला आठवला. त्याचंही असंच काही असणार आणि मी पार्किंगवर विनोद केला.

रोखठोक (शनिवार, सकाळी ९:४०)

पत्नीच्या नावावर घर. आता नवऱ्याचा आकडा कमी होतो का बघा 😄

पण सिरियसली एक प्रश्न, फ्लॅट चार महिने अडकवून ठेवायचा आणि मग याचं लोनच झालं नाही तर?

मुळशीकर (शनिवार, सकाळी १०:१५)

बरोबर शंका. म्हणून वेळ द्यायचा तो विसारात ५१ हजार ठेवून नाही, चांगली रक्कम चेकने आणि लोनचं मंजुरीपत्र किती दिवसांत दाखवायचं ते पावतीत लिहून. लोन नाही झालं तर विसार परत करायचा की त्यातलं काही ठेवायचं, यावर मात्र मी दोन्ही बाजूंनी भांडणं बघितलीयेत. मी स्वतः परत करा म्हणेन. वकिलाला विचारा, तो उलट सांगेल.

सायली_ठाणे (शनिवार, रात्री ९:००)

मग उद्या पहिला आकडा किती सांगू? ८२ म्हणून ७९ ला यायचं असा विचार आहे.

दिनूकाका (शनिवार, रात्री ९:१८)

८५ वरच राहा. देव देतो.

मुळशीकर (शनिवार, रात्री ९:३५)

८२ ठीक. पण खाली येताना पावलं लहान होत गेली पाहिजेत. ८२, मग ८०, मग ७९ आणि थोडे. ८२ वरून एकदम ७९ आलात तर तो समजतो की अजून तीन निघतील. आणि प्रत्येक वेळी काहीतरी बदल्यात मागा, विसार मोठा, मंजुरीपत्र लवकर. नुसतं "बरं ८०" नाही. आकडा सांगितला की गप्प बसा. आईंना पण सांगा, आयांना शांतता सहन होत नाही, त्या मध्येच "जाऊ दे, दोन कमी कर" म्हणतात. असे किमान चार व्यवहार मी बघितलेत.

रोखठोक (शनिवार, रात्री ९:५०)

मी सरळ ८० म्हणून तिथेच थांबलो असतो. पायऱ्या वगैरे दोघांचा वेळ जातो.

सायली_ठाणे (रविवार, रात्री ८:२०)

आले होते, तिघं, या वेळी त्यांच्या आई पण. मी ८२ म्हटलं आणि गप्प बसले. आयुष्यातली सगळ्यात लांब वीस सेकंद, पंख्याचा आवाज येत होता. आई खरंच काहीतरी बोलायला लागली होती, मी तिला चहा टाकायला पाठवलं. ते ७४ म्हणाले. लोन ६२ पर्यंत मंजूर होईल असं बँकेने तोंडी सांगितलंय. पत्नीच्या नावाचं सांगितलं तर ती बाई पहिल्यांदा मोकळी हसली आणि ते स्वतः जरा गप्प झाले, रोखठोक तुमची आठवण आली. ट्रॉल्या आणि दोन्ही बेडरूमची कपाटं सोडू म्हटलं, त्यांच्या आईंनी लगेच उघडून बघितली.

मी ८० म्हटलं, दहा दिवसांत मंजुरीपत्र आणि विसार पाच लाखांचा असेल तर. ते ७६ म्हणाले आणि थांबले. मी म्हटलं ७६ पण नाही जमणार, पण तुम्ही हो म्हणेपर्यंत किंवा पुढच्या रविवारपर्यंत, जे आधी होईल तोपर्यंत, तुम्हाला न सांगता दुसऱ्या कुणाशी ठरवणार नाही. हे शेवटचं वाक्य माझं स्वतःचं आहे, बरोबर केलं का माहीत नाही.

मुळशीकर (रविवार, रात्री ८:५५)

मी ते दिलं नसतं. आठवडाभर हात बांधून घेतलेत. पण माणूस तसा वाटला असेल तर चालेल, तुम्ही समोर होता, मी नव्हतो.

चिंगी (रविवार, रात्री ९:०५)

मला आवडलं. आई काय म्हणतायत?

सायली_ठाणे (रविवार, रात्री ९:३०)

आई म्हणते त्यांच्या आईंचे गुडघे दुखतात, तिसरा मजला आहे पण लिफ्टला बॅकअप नाही हे आपण त्यांना सांगितलं का. नव्हतं सांगितलं. उद्या सांगते.

रोखठोक (रविवार, रात्री ९:३३)

७५.

सायली_ठाणे (रविवार, रात्री ९:३६)

😂 बसा हो.